शोकसभेचं गाणं: भविष्यकाळ जिवंतांचा

प्रश्न: बुवा, नमस्कार. माझे बाबा मागच्या आठवड्यात गेले. बेस्टमध्ये कंडक्टर होते, युनियनमध्ये होते, देव मानत नव्हते. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं. आई माळकरी आहे, रोज हरिपाठ म्हणते. बहिणीचं सासर वसईचं, ख्रिस्ती. पुढच्या रविवारी विक्रोळीला कन्नमवार नगरमध्ये शोकसभा ठेवली आहे आणि गाणं मी लिहावं असं सगळे म्हणतात. आईला धीर येईल असं काहीतरी हवंय, पण बाबांना आवडलं नसतं असं त्यांच्या तोंडी किंवा त्यांच्याबद्दल घालायचं नाही. "आत्म्याला शांती" वगैरे लिहायला हात धजत नाही आणि ते काढलं तर उरतं काय, तेही कळत नाही. कसं लिहू?

उत्तर:

ताई, बाबांच्या जाण्याचं वाईट वाटलं. लिहिण्याआधी एक काम करा. सभेची पत्रिका किंवा व्हॉट्सॲपवरचा निरोप तयार झाला असेल, तर त्यात बाबांच्या नावाआधी काय छापलंय ते बघा. छापायचं राहिलं असेल तर आईला, भावंडांना आणि युनियनमधल्या एखाद्या जुन्या माणसाला वेगवेगळं विचारा, "नावाआधी काय लिहू?" चाळीस वर्षं परळ-लालबागच्या भजनी मंडळांत पेटी धरतोय. गाणं लिहायला बसण्याआधी मी घरच्यांना हा एकच प्रश्न विचारतो, कारण मराठीत मेलेल्या माणसाचा पत्ता त्याच्या नावाआधीच लिहिलेला असतो. कै. म्हणजे कैलासात, वै. म्हणजे वैकुंठात, स्व. म्हणजे स्वर्गात. ख्रिस्ती घरात ख्रिस्तवासी, मुसलमान घरात पैगंबरवासी. बौद्ध घरात कालकथित, म्हणजे कुठे गेले याबद्दल अक्षर नाही. बहुतेकांना सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो तो दिवंगत, पण फोड केली की त्यातही स्वर्ग निघतो: दिवं गत, स्वर्गी गेलेला. आता तो अर्थ कुणाच्या कानाला लागत नाही म्हणून चालून जातो. तुमच्या बाबांसाठी मी "स्मृतिशेष" लिहीन, आठवणीच्या रूपाने उरलेले. ते आईलाही खोटं वाटणार नाही आणि बाबांच्या सोबत्यांनाही.

हा प्रश्न मला चुकूनच सापडला. फार पूर्वी एका बौद्ध घरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी माझं नेहमीचं गाणं घेऊन गेलो. त्यात आत्मा होता, पैलतीर होता, नावाडी होता. चाल चांगली लागली होती. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून बाहेर गेले. नंतर चहाच्या वेळी जवळ आले आणि म्हणाले, "बुवा, चाल छान होती. पण आमच्या घरात आत्मा नाही." रागावले नव्हते, एखाद्या पाहुण्याला मोरी कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशीही एक आहे. ती घेतलेल्या घरात मी आत्म्याला होडीत बसवून पलीकडे सोडत होतो. तेव्हापासून शब्दांची यादी पाठ करण्याऐवजी मी व्याकरणाकडे वळलो. "आत्मा" गाळता येतो हो, पण तोच अर्थ क्रियापदातून परत आत येतो.

माझा नियम असा. गेलेल्या माणसाला फक्त भूतकाळ द्यायचा. भविष्यकाळ जिवंतांनी वापरायचा. "तुम्ही आम्हाला बघत असाल" यात स्वर्ग नाही, आत्मा नाही, तरीही मेल्यावर डोळे चालू आहेत असं आपण ठरवून टाकलं. "पुन्हा भेटू" मध्ये परलोक आला. "पुन्हा याच घरी या" मध्ये पुनर्जन्म आला. आज्ञार्थ सगळ्यांत फसवा असतो. "सांभाळा", "आशीर्वाद द्या", "पाठीशी राहा" हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात गेलेल्याला काम सांगतोय हे लक्षातच येत नाही. याउलट "तुम्ही सकाळी पाचला उठायचात" हे वाक्य माळकरी, ख्रिस्ती, नास्तिक कुणीही खोडू शकत नाही. ते घडलेलं आहे. नाव घेऊन हाक मारायला मात्र हरकत नाही. "बाबा", "आई गं" ही हाक ऐकली जाते की नाही याचा विचार करून कुणी मारत नाही.

आणि उलटी बाजूही तितकीच सांभाळायची. नास्तिक माणसाच्या सभेला गीतकाराला चेव येतो. "मातीत माती मिसळली", "आता उरले काही नाही", "देव नाही, दैव नाही" असं लिहिलं की आपण बाबांशी प्रामाणिक राहिलो असं वाटतं. पण पुढच्याच रांगेत तुमची आई बसलेली असणार. काही उरलं नाही, हेही मरणानंतरचंच विधान आहे आणि तेही तुम्हाला किंवा मला तपासता येत नाही. गाण्याने दोन्हीकडे गप्प बसायचं.

तुम्ही विचारलंत, मग उरतं काय? दोन वर्षांपूर्वी लालबागच्या एका घरासाठी लिहिलं ते कडव्या-कडव्याने सांगतो, म्हणजे उरतं काय ते कळेल आणि माझ्या चुकाही दिसतील.

ती आई खानावळ चालवायची. चाळीतली दहा बाय बाराची खोली, गिरणी कामगारांचे चाळीस डबे. माहेर साताऱ्याकडचं, घरात वारी. लग्न बौद्ध घरात केलेलं, आणि नवऱ्याचा धम्म तिने मनापासून घेतला होता. तिचा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा, पत्रिकेत "वैकुंठवासी" घाला म्हणून अडून बसला होता. नवऱ्याने "कालकथित" छापून आणलं होतं. मुलीने मला फोन केला तो रडतच. मी तिला आईच्या श्रद्धेबद्दल काही विचारलं नाही. "आई हातांनी काय काय करायची, पाच गोष्टी सांग" एवढंच विचारलं. तिने नऊ सांगितल्या. नळ चारला यायचा, आई त्याआधी उठायची. डब्यांवर नावं होती, पण तिला ती बघावी लागत नसत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि उधारीची वही भरत गेली, तेव्हा तिने एक दिवस वही मिटून फळीवर टाकली आणि जेवायला घालत राहिली. रोज एक चपाती जास्तीची लाटायची, कोण येईल सांगता येत नाही म्हणून. शेवटचे दोन महिने कर्करोगाने फार दुखत होतं.

छंद अभंगाचा घेतला: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. अक्षरं मोजायची, मात्रा नाहीत. जोडाक्षर एकच धरायचं. हा छंद घेण्यामागे भक्तीपेक्षा सोय जास्त आहे. कुठलंही भजनी मंडळ हे एकदा वाचून, सराव न करता गाऊ शकतं आणि कुणाचा गळा भरून आला तर पुढचा चरण दुसरा उचलू शकतो. शोकसभेत हे होतंच. पालुपद असं झालं:

आठवते आई । हात पिठातले । ऊन घरातले । तुझ्यामुळे ॥

यात एकही क्रियापद आईचं नाही. "आठवते" हे आपलं. आणि चाळीतल्या त्या खोलीत ऊन येतच नव्हतं, हे घरच्या सगळ्यांना माहीत होतं. पुढची कडवी:

नळाच्याही आधी । उठायचीस तू । कोणताही ऋतू । असो दारी ॥

डब्यांवर नावे । तोंडपाठ सारी । ज्याची त्याची न्यारी । चव ठावी ॥

संपाच्या सालात । वही तू मिटली । भाकर वाटली । न मोजता ॥

इथपर्यंत कुणी हरकत घेतली नाही. मामाने तिसरं कडवं ऐकून डोळे पुसले. त्या वहीत त्याच्याही दोस्तांची नावं होती.

आता दुखण्याचं. "शांतपणे झोपी गेली" असं लिहायचा मोह होतो, घरचेही सुचवतात. पण ज्यांनी दोन महिने उशापायथ्याशी बसून रात्री काढल्या, त्यांना ते खोटं टोचतं. झोपेच्या उपम्यात जागं होणंही दडलेलं असतं, ते निराळंच. म्हणून खरं तेच ठेवलं आणि त्याला लागून घरच्यांनी केलेली एक गोष्ट:

दुखले शेवटी । ते नाही लपत । होतो गं जपत । हात तुझा ॥

या कडव्यावर मुलगी म्हणाली, "बुवा, हे काढायचं नाही." धीर कुठून मिळतो याचा माझा अनुभव असाच आहे. आईचं पुढे काय झालं हे गाण्यात सांगून कुणाला फार काळ बरं वाटत नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत आपण तिथे होतो, हे कुणीतरी चार माणसांत म्हटलं की बरं वाटतं.

पाचवं कडवं मात्र फसलं. मला वाटलं, वाद आहेच तर तोच गाण्यात मिटवावा:

कुठे गेलीस तू । ज्याचे त्याला ठावे । ज्याने त्याने घ्यावे । नाव त्याचे ॥

मी स्वतःवर खूश होतो. धाकटा मुलगा, जो दोन्हीकडचं काहीच मानत नव्हता, त्याने वाचून शांतपणे विचारलं, "काका, हे आईबद्दल आहे की आमच्या भांडणाबद्दल?" बरोबर होतं त्याचं. शिवाय "कुठे गेलीस" म्हटलं की कुठेतरी गेली हे आलंच. सगळ्या धर्मांना एका ओळीत बसवणारं कडवं ऐकायला उदार वाटतं, पण सभेतल्या प्रत्येकाला ते आपला वाटा थोडा कमी मिळाल्यासारखं लागतं. कडवं काढलं आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. चौथ्या कडव्यानंतर पेटीवर नुसता षड्ज धरला, मिनिटभर. त्या मिनिटात मामाचे ओठ हलत होते. वडील हात जोडून मान खाली घालून बसले होते. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. ज्याला जे म्हणायचं ते ज्याने त्याने मनात म्हटलं.

शेवटच्या दोन कडव्यांत भविष्यकाळ येतो, तो घरच्यांचा. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं "वाढू एक ताट". म्हणजे आल्यागेल्यासाठी, तिच्या रीतीप्रमाणे. कागदावर ठीक होतं. गाऊन बघितलं तेव्हा कळलं की भजनात पहिला चरण दोन-तीनदा घोळवतात, आणि "वाढू एक ताट, वाढू एक ताट" एवढंच कानावर पडलं की ते पितरांचं पान वाढल्यासारखं वाटतं. ज्या घरात श्राद्ध करायचं नाही ही प्रतिज्ञा आहे, तिथे मी गाण्यातून श्राद्ध घातलं असतं. म्हणून ही गोष्ट गाठीला बांधा: प्रत्येक चरण एकटा म्हणून बघायचा. पुढचा चरण येऊन अर्थ दुरुस्त करील या भरवशावर राहायचं नाही, कारण तो येईपर्यंत ऐकणाऱ्याने अर्थ लावलेला असतो. आणखी एक, मी आधी "पोळी" लिहिली होती. मुलगी म्हणाली, "आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची. रोजची ती चपाती." शब्द घरातलाच हवा, नाहीतर दुसऱ्याच कुणाची आई उभी राहते.

तव्यात चपाती । फुगेल गं जेव्हा । डोळां पाणी तेव्हा । येईलच ॥

आल्यागेल्यासाठी । लाटू एक जादा । हाच हा वायदा । आमचा गं ॥

"वाढू" चं "लाटू" झालं आणि नैवेद्याचा वास गेला, कारण लाटणं हे काम आहे. आणि गाण्यात वायदा आहे तो हा एवढाच, जिवंत माणसांनी केलेला, रोज पाळता येईल असा. मामाने शेवटी विचारलं, "'आल्यागेल्या'त 'गेल्या' येतं, चालेल?" मी म्हटलं, आपल्या बोलीत आलागेला म्हणजे पाहुणारावळा, चालेल. तोही तिचाच शब्द होता.

चालीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण शब्द तपासणारे लोक चाल तपासत नाहीत. प्रसिद्ध अभंगाची चाल घेतली की तुम्ही शब्द काहीही लिहा, ऐकणारे मनात मूळ शब्दच म्हणतात. त्या लालबागच्या घरात विठ्ठलाच्या अभंगाची चाल लावली असती तर मामाला बरं वाटलं असतं आणि वडिलांना ते चालीतून आलेलं वैकुंठ ऐकू आलं असतं. भीमगीताची चाल लावली असती तर उलट. म्हणून आम्ही जात्यावरच्या ओवीची चाल घेतली. ती कुणा एकाची नाही. मामाच्या आईनेही दळताना तीच म्हटली होती आणि वडिलांच्या आजीनेही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या गोळा करवल्या, त्यांत विठ्ठलाच्या आहेत तशा बाबासाहेबांच्याही पुष्कळ आहेत. दळणारीचा देव बदलला तरी जातं आणि चाल तीच राहिली. अभंगाचा हा छंद ओवीच्याच घरातला, म्हणून शब्द त्या चालीत आपोआप बसले.

पट्टी नेहमीपेक्षा एक-दोन स्वर खाली घ्या. रडून बसलेला गळा वर जात नाही, आणि वरच्या सुरात आवाज फाटला की सगळी सभा फाटते. ठेका साधा भजनी, टाळ असले तर हलके, पखवाज नको. डबलबारीतला एखादा बुवा उत्साहाने द्रुत लयीत नेईल, त्याला आधीच सांगून ठेवा. पाच-सहा कडवी पालुपदासकट पाचेक मिनिटं घेतात. त्याहून मोठं करू नका.

आता तुमच्या बाबांचं. देहदान झालंय, तेव्हा राख, अस्थी, चिता, ज्वाला, फुलं वेचणं, यांतलं काहीच तुमच्या गाण्यात येऊ शकत नाही. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण सवयीने येतं. मी स्वतः एका देहदान केलेल्या शिक्षकांच्या सभेत "राख ही पवित्र" अशी ओळ गाऊन मोकळा झालो होतो. "पंचतत्त्वात विलीन" हेही तसंच, छापून-छापून गुळगुळीत झालेलं. देहदानाची गोष्ट मात्र कडव्यात जरूर घ्या. आईच्या दृष्टीने तो परोपकार आहे, बाबांच्या दृष्टीने विज्ञान. तुम्ही फक्त केलं एवढंच सांगा, का केलं ते सांगू नका.

कंडक्टर म्हटल्यावर तुमच्या मनात पहिली येणारी ओळ मला आत्ताच दिसते: "शेवटचा थांबा आला." किंवा "डबल बेल झाली." किंवा "पुढचा प्रवास सुखाचा होवो." कंडक्टरच्या सभेत पाचपैकी चार जण हे म्हणणार, भाषणातही म्हणणार. शेवटचा थांबा म्हटलं की पुढे काही नाही, हे आईच्या छातीत बसेल. पुढचा प्रवास म्हटलं की बाबांनी आयुष्यभर जे मानलं नाही ते त्यांच्या नावावर चढेल. प्रवासाच्या उपमेला मुक्काम लागतोच. "विसावा" सुद्धा सोडा. गावाकडे तिरडी वाटेत खाली ठेवतात त्या जागेला विसावा म्हणतात, आणि त्याच्या पुढे अजून वाट असते. बसची उपमा करूच नका. बस ही बस राहू द्या, तिच्यात बाबा काय करायचे ते लिहा. सुट्टे पैसे कसे द्यायचे, कुणाचं तिकीट आपल्या खिशातून फाडलं, संपाच्या काळात घरी काय होतं, पहिली पाळी असली की पहाटे डबा कोण भरायचं. हे तुम्ही आईला विचारा. ती सांगेल तेव्हाच तिचं अर्धं रडू होऊन जाईल, आणि कडवी तिच्याच शब्दांत मिळतील.

एक कडवं नमुन्याला देतो. पहिल्यांदा मी असं जुळवलं होतं: "पुढे चला पुढे, म्हणायचे बाबा". मग एकटा पहिला चरण म्हणून बघितला. शोकसभेत "पुढे चला पुढे, पुढे चला पुढे" असं घोळवलं तर काय ऐकू येईल? बाबांनाच पुढे पाठवतोय असं. म्हणून चरण उलटे केले:

बाबा म्हणायचे । पुढे चला पुढे । गर्दीतही थोडे । सरका ना ॥

आता घोळला जाणारा चरण "बाबा म्हणायचे" हा आहे. भूतकाळ आहे, बोलणं त्यांचं आहे, आणि सरकायचं काम उभ्या असलेल्यांचं आहे. हे तुम्हाला पटलं तर पालुपद करा. सभेला बेस्टमधली मंडळी येणार असतील तर तिसऱ्या आवृत्तीला ती आपणहून म्हणायला लागतील.

आईचा हरिपाठ गाण्यात मिसळू नका आणि वगळूही नका. सभा सुरू होण्याआधी घरी, किंवा सभागृहात सगळ्यात शेवटी, तिला तिचे अभंग तिच्या आवाजात म्हणू द्या. बहिणीच्या सासरच्यांना प्रार्थना करायची असेल तर तीही तशीच, त्यांच्या तोंडून, त्यांच्या शब्दांत. ती त्यांची श्रद्धा म्हणून सगळे मानाने ऐकतील, बाबांचे सोबतीही. तेच शब्द गाण्यात आले की मात्र ते सगळ्या सभेच्या तोंडी जातात, आणि बाबांच्या नावावर. मधला तो मिनिटभराचा षड्जही ठेवाच.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना काय सांगितलंय ते विचारून घ्या. "आजोबा तारा झाले" असं कुणी सांगितलं असेल तर गाण्यात तारा आणू नका, पण "तारा नाही" असंही म्हणू नका. मूल मोठं होईल तेव्हा त्याच्या आईवडिलांशी बोलेल.

शब्द गुरुवारपर्यंत कायम करा, शुक्रवारी गाणाऱ्यांना द्या. त्याआधी दोन माणसांना वेगवेगळं, एकमेकांसमोर नाही, वाचून दाखवा. एक आई. दुसरा बाबांच्या मताचा त्यांच्या युनियनमधला सोबती. दोघांना "आवडलं का" असं विचारू नका, भिडेपोटी हो म्हणतील. "यातली कुठली ओळ तुम्ही मोठ्याने म्हणणार नाही?" असं विचारा. जी ओळ दोघांपैकी एकानेही दाखवली ती बदला, दोघांनी वेगवेगळ्या दाखवल्या तर दोन्ही बदला. आईने "यात देवाचं काहीच नाही का गं" म्हटलं तर तिला सांगा की शेवटी हरिपाठ तिचाच आहे, आणि सुट्ट्या पैशांचं कडवं पुन्हा एकदा वाचून दाखवा.